आठवा हिस्सा आणि परड्याची भिंत : कंग्राळीतील एका हिब्याची गोष्ट

कंग्राळीतील एका मुस्लिम कुटुंबाने मंडळाकडे जुनी कागदपत्रे वाचायला दिली. त्यांत एक बक्षीसपत्र होते. एका आजीने आपल्या मुलीच्या मुलाला राहत्या घरातील आपला हिस्सा दिलेला. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नावे इथे देत नाही. कागद साधाच, पण त्याच्या पाठीवर नंतर लिहिलेल्या चार ओळींनी मला बरेच दिवस गुंतवून ठेवले. त्या ओळींत परड्यात घातलेली एक भिंत, पाडलेले एक नवे दार आणि दिलेली किल्ली यांचा उल्लेख आहे. बक्षीस देताना भिंत कशाला घालायची? त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते मांडतो.

आधी हिस्सा समजून घेऊ. घर आजोबांचे. सोपा, माजघर, मागची खोली, परडे आणि विहीर. आजोबा वारले तेव्हा मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे, मुले असली तर विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे चाळीस भाग धरले तर आजीचे पाच, दोन्ही मुलांचे चौदा-चौदा आणि मुलीचे सात. घर मात्र वाटलेले नव्हते. सगळे एकाच छपराखाली राहत. आजी मागच्या खोलीत, आणि तिला सांभाळणारा नातू तिच्यासोबत.

मुलगी हयात असताना तिचा मुलगा आजीचा वारस होत नाही. म्हणून नातवाला काही मिळावे असे आजीला वाटले, तर जिवंतपणी देणे हा सरळ मार्ग. यालाच हिबा म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने दिल्याचे सांगणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि कबजा देणे. कागद लागतोच असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्थावर बक्षिसाला नोंदणी सक्तीची आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १२९ ने मुस्लिम कायद्याचे नियम अबाधित ठेवले. याची दुसरी बाजू लोक विसरतात. नोंदणी केलेला, शिक्का मारलेला कागद असला आणि कबजा दिला नसला, तर हिबा पुरा होत नाही.

आता खरी अडचण. न वाटलेल्या हिश्श्याला अरबी शब्द आहे ‘मुशा’. आपल्या भागातील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. हनफी मताप्रमाणे ज्या वस्तूची वाटणी होऊ शकते तिच्यातला न वाटलेला हिस्सा बक्षीस दिला, तर ते बक्षीस सदोष ठरते. कारण ‘हिदाया’ या ग्रंथात दिले आहे: कबजा पूर्ण हवा, आणि न वाटलेल्या पाच भागांवर बोट कुठे ठेवणार? शिवाय वाटणीचा खर्च आणि त्रास देणाऱ्याच्या गळ्यात पडतो, जो त्याने कबूलच केलेला नसतो. शाफी पंथात ही अट नाही. कोकणातील बहुतेक मुस्लिम कुटुंबे शाफी आहेत. म्हणजे असाच कागद घाटाखाली झाला असता तर भिंतीची गरज पडली नसती.

थोरल्या मामाने नेमका हाच आक्षेप घेतला, असे पाठीवरच्या ओळींवरून दिसते. आक्षेप खोटा नव्हता. पण सदोष आणि रद्द यांत फरक आहे. मुशाचा हिबा मुळातून रद्द नसतो. नंतर वाटणी करून तो भाग घेणाऱ्याच्या ताब्यात दिला की दोष निघून जातो. १८८९ मध्ये मुहम्मद मुमताज अहमद विरुद्ध जुबैदा जान या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की अशा बक्षिसाखाली कबजा घेतला गेला असेल तर मालकी जाते. मुशाचा नियम प्रगत समाजाला न मानवणारा आहे, तो शक्य तितका आखडून लावावा, असाही त्यांचा सूर होता.

नियमाला अपवादही आहेत. एका सहवारसाने दुसऱ्या सहवारसाला दिलेला हिस्सा चालतो. आजीने मुलीला दिले असते तर प्रश्नच नव्हता. १९०७ मध्ये रंगूनच्या खटल्यात व्यापारी शहरातील मालमत्तेला सूट मिळाली, पण खेड्यातल्या कौलारू घराला ती लावणे कठीण. आणि जी वस्तू वाटली तर निरुपयोगी होते, तिला मुशाचा नियम लागतच नाही. १८८३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने दोन घरांच्या सामाईक जिन्यातील हिश्श्याचे बक्षीस याच कारणाने ग्राह्य धरले. आमच्या घरातील विहीर तशीच. म्हणून भिंत विहिरीला वळसा घालून गेली आणि विहीर सामाईक राहिली.

पंचांनी काय केले ते आता स्पष्ट होते. मागची खोली आणि परड्याचा एक पट्टा मिळून आजीचा आठवा हिस्सा, हे सगळ्यांनी मान्य केले. परड्यात भिंत घातली, बोळाकडे दार पाडले, आणि आजीने चार लोकांसमोर किल्ली नातवाच्या हातात दिली. पुढची घरपट्टीची पावती त्याच्या नावाची आहे.

आजी मात्र त्याच खोलीत राहिली. मग कबजा गेला कसा? १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टाने शेख इब्राहिम विरुद्ध शेख सुलेमान या खटल्यात हे सोडवले होते, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. देणारा आणि घेणारा दोघे त्याच जागेत असतील तर देणाऱ्याने घराबाहेर पडायची किंवा घेणाऱ्याने नव्याने आत शिरायची गरज नाही. ताबा सोडल्याचा हेतू उघड दिसला पाहिजे. १९०५ च्या अलाहाबादच्या खटल्यात आत्याने सांभाळलेल्या भाच्याला घर दिले आणि स्वतः तिथेच राहिली. घर त्याच्या नावावर झाले, भाडे त्याच्या नावाने वसूल होऊ लागले, एवढे पुरले. उलट कागद झाल्यावरही भाडे देणाराच घेतो, घरपट्टी त्याच्याच नावाने भरतो, किल्ली त्याच्याच कनवटीला असते, अशी लक्षणे दिसली की हिबा डळमळतो. नावाची नोंद हा पुरावा असतो. तेवढ्याने मालकी तयार होत नाही.

आजी त्यानंतर काही महिन्यांतच वारली. भिंत तिच्या हयातीत झाली नसती तर? ते पाच भाग तिच्या वारसांत गेले असते: दोन मुलांना दोन-दोन, मुलीला एक. ज्याने सांभाळले त्या नातवाच्या हाती शून्य, आणि नोंदणीचा कागद ट्रंकेत.

भिंत आजही आहे. खालचा थर मातीचा, वर नंतरच्या विटा. शेजारची मंडळी तिला भांडणाची भिंत म्हणतात. कागद वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. मामा आक्षेप घेणारा होता, पण पाठीवरच्या साक्षीदारांत पहिला अंगठा त्याचाच आहे.