कोष्टकातून विधानाकडे : १९०१–१९५१ च्या लोकसंख्येचे एक वाचन

भारताच्या अर्वाचीन आर्थिक इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत लोकसंख्येचे एक प्रकरण बहुधा असतेच, आणि त्या प्रकरणात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनांचे एक लहानसे कोष्टक व त्याच आकड्यांवरून काढलेला एक आलेख असतो. परीक्षेपूर्वी उजळणीचे टिपण करू लागलेला विद्यार्थी या कोष्टकापाशी आला म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो सर्व आकडे जसेच्या तसे उतरवून घेतो, किंवा ‘या काळात लोकसंख्या वाढत गेली’ असे एक वाक्य लिहून पुढे जातो. पहिल्या टिपणातील आकडे आठवड्याभरात विसरले जातात. दुसरे वाक्य लक्षात राहते, परंतु ते खोटे आहे. प्रस्तुत लेखात हे एकच कोष्टक समोर ठेवून त्यातून स्मरणात राहतील अशी मोजकी आणि खरी विधाने कशी काढावीत, हे पाहावयाचे आहे.

| वर्ष | लोकसंख्या (कोटी) | मागील दशकातील बदल (शेकडा) |
|---|---|---|
| १९०१ | २३.८४ | — |
| १९११ | २५.२१ | + ५.७५ |
| १९२१ | २५.१३ | – ०.३१ |
| १९३१ | २७.९० | + ११.०० |
| १९४१ | ३१.८७ | + १४.२२ |
| १९५१ | ३६.११ | + १३.३१ |

आकड्यांकडे वळण्यापूर्वी कोष्टकाचे शीर्षक वाचावयास हवे. हे आकडे फाळणीनंतरच्या भारतीय संघराज्याच्या हद्दीतील आहेत. १९४७ पूर्वीची वर्षे मागाहून त्याच हद्दीत बसवून घेतलेली आहेत. प्रत्यक्ष १९२१ च्या शिरगणतीने जो आकडा प्रसिद्ध केला तो सुमारे ३१.८९ कोटी होता, कारण त्यात पुढे पाकिस्तानात गेलेला प्रदेश तर होताच, पण ब्रह्मदेशही होता. आता योगायोग असा की, वरील कोष्टकात १९४१ साठी दिलेला आकडा ३१.८७ कोटी आहे. एका प्रकरणातून एक आणि दुसऱ्यातून दुसरा आकडा उचलणाऱ्याला ‘वीस वर्षांत लोकसंख्या स्थिर राहिली’ असा निष्कर्ष सहज काढता येईल, आणि त्यात त्याला काही विसंगतही वाटणार नाही. म्हणून टिपणातील पहिल्याच वाक्यात हद्द नमूद करणे अगत्याचे आहे.

यानंतर पाहावयाचे ते तिसऱ्या स्तंभाकडे. सहा वर्षांच्या सहा आकड्यांचे सहा निष्कर्ष होत नाहीत. त्यांचे गट कोठे पडतात, हे शोधावयाचे असते. १९२१ पर्यंतच्या दोन दशकांपैकी एकात वाढ पावणेसहा टक्के आहे आणि दुसऱ्यात किंचित घट आहे. १९२१ नंतरच्या तिन्ही दशकांत वाढ अकरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे. अर्थात सांधा १९२१ येथे आहे. तो एक दशक अलीकडे वा पलीकडे सरकवून पाहिला तर एका गटात मंद आणि वेगवान अशी दोन्ही दशके येतात व गट मोडतो. हा सांधा धरून केलेली बेरीज अशी : १९०१ ते १९२१ या वीस वर्षांत १.२९ कोटींची, म्हणजे सुमारे साडेपाच टक्क्यांची वाढ. १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत १०.९८ कोटींची, म्हणजे सुमारे ४४ टक्क्यांची वाढ. परंतु दोन कालखंडांची लांबी सारखी नसल्यामुळे ही तुलनाही अपुरी आहे. ती वार्षिक गतीत मांडली म्हणजे पहिल्या खंडात दरसाल सुमारे पाव टक्का आणि दुसऱ्यात सुमारे सव्वा टक्का, असे चित्र दिसते. वेग जवळजवळ पाचपट झाला. १९५१ च्या जनगणनेचे आयुक्त आर. ए. गोपालस्वामी यांनी १९२१ ला महाविभाजन वर्ष म्हटले ते याच कारणाने. हा शब्दप्रयोग अनेकांना पाठ असतो. तो कोणत्या दोन गतींमधील विभाजन दर्शवितो, हे मात्र टिपणात क्वचितच आढळते.

कोष्टकाच्या अखेरच्या ओळीत आणखी एक चकवा आहे. १९४१–५१ या दशकाचा दर आधीच्या दशकाहून कमी आहे, म्हणून ‘लोकसंख्येची वाढ कमी झाली’ असे लिहिले जाते. दर १४.२२ वरून १३.३१ वर आला हे खरे. पण त्याच वेळी प्रत्यक्ष भर ३.९७ कोटींवरून ४.२४ कोटींवर गेली. दर उतरला आणि भर वाढली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत, कारण ज्या संख्येवर दर मोजावयाचा ती संख्याच मोठी झाली होती. ‘वाढ’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरल्यामुळे ही गफलत होते. विधानात ‘वाढीचा दर’ किंवा ‘एकूण भर’ असे स्पष्ट लिहिले म्हणजे ती टळते. शिवाय दरातील हा फरक एका टक्क्याहूनही कमी असून त्याच दशकात १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि फाळणीच्या वेळचे प्रचंड स्थलांतर घडले. एवढ्याशा फरकावरून काही कायमचा कल सुरू झाला असे म्हणता येणार नाही.

आता आलेखाकडे येऊ. त्यात १९११ चा बिंदू आणि १९२१ चा बिंदू एका सरळ रेषेने जोडलेले असतात आणि ती रेषा जवळजवळ आडवी असते. पाहणाऱ्याच्या मनावर असा ठसा उमटतो की या दहा वर्षांत काही घडलेच नाही. परंतु शिरगणती दहा वर्षांतून एकदा होते. दोन बिंदूंमधील रेषा ही चित्रकाराने ओढलेली असते, कोणी मोजलेली नसते. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत शिरली, त्या वर्षाच्या शरद ऋतूत तिने उग्र रूप धारण केले आणि वर्ष संपण्यापूर्वी ती देशभर पसरली. अखंड हिंदुस्थानातील मृत्यूंचे अभ्यासकांनी केलेले अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. कोष्टकात मात्र १९११–२१ ची घट जेमतेम आठ लाखांची आहे.

या दोन आकड्यांचा मेळ कसा घालावा, हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. समजा, १९११ नंतर साडेसात वर्षे लोकसंख्या आधीच्या दशकाच्याच गतीने वाढत राहिली. मग १९१८ च्या मध्यास ती सुमारे २६.३ कोटी झाली असती. तेथून १९२१ च्या २५.१३ कोटींपर्यंत येण्यास एक कोटीहून अधिक माणसांची तूट पडावयास हवी. ही तूट केवळ साथीत मेलेल्यांची नव्हे. साथीमुळे जी मुले जन्मासच आली नाहीत तीही तीत आहेत. हा हिशेब गृहीतावर आधारलेला आहे आणि तो उत्तरपत्रिकेत आकडा म्हणून देऊ नये. परंतु त्यावरून एवढे निश्चित कळते की ‘उणे ०.३१’ हा आकडा सात-साडेसात वर्षांची चढण आणि काही महिन्यांची भयंकर घसरण यांची वजाबाकी आहे. ‘या दशकात लोकसंख्या स्थिर राहिली’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्यातून कोट्यवधी मृत्यू नाहीसे होतात. कोष्टकाने खोटे सांगितलेले नसते. त्याने फक्त दोन टोके सांगितलेली असतात.

प्रदेशागणिक चित्र पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ मध्ये सुमारे २.१५ कोटी लोक होते, ते १९२१ मध्ये सुमारे २.०८ कोटी झाले. म्हणजे जवळजवळ तीन टक्के घट. देशाच्या सरासरीत ही घट इतर प्रांतांतील वाढीखाली झाकली गेली आहे. सरासरीवरून केलेले विधान कोणत्याही एका प्रांताविषयीचे विधान नसते.

याच प्रकरणात पुढे जन्म-मृत्यूच्या दरांचे दुसरे कोष्टक येते. १९०१–११ मध्ये दर हजारी जन्म सुमारे ४९ व मृत्यू सुमारे ४३ होते. १९३१–४१ मध्ये जन्म सुमारे ४५ व मृत्यू सुमारे ३१. म्हणजे जन्माचे प्रमाण वाढले तर नाहीच, उलट थोडे उतरले. मृत्यूचे प्रमाण मात्र बारांनी खाली आले. १९२१ नंतरची वाढ अधिक जन्मांची नसून कमी मृत्यूंची आहे, हा या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. दोन्ही कोष्टके ताडून पाहण्यासही सोपी आहेत : ४५ मधून ३१ वजा केले तर हजारी १४ उरतात, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १४ टक्के, आणि पहिल्या कोष्टकातील दर १४.२२ आहे. टिपण करताना आकडा चुकीचा उतरवला गेला असेल तर तो या वजाबाकीत सापडतो. मात्र या मेळास स्वतंत्र पुरावा समजू नये. त्या काळी जन्म-मृत्यूची नोंद फार अपुरी असल्यामुळे हे दर जनगणनेतील वयोगटांवरून आणि एकूण वाढीवरूनच अनुमानिलेले आहेत. एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरले म्हणून दोन विहिरी होत नाहीत.

मृत्यू का कमी झाले, हे दोहोंपैकी एकही कोष्टक सांगत नाही. मोठ्या दुष्काळांचे अंतर वाढणे, प्लेगचा जोर ओसरणे, रोगप्रतिबंधक उपाय यांविषयी पाठ्यपुस्तकात जे लिहिलेले असते ते लेखकाचे विवेचन असते. टिपणात त्याचे वाक्य आकड्यांच्या वाक्यापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पुढे मतभेद वाचनात आला तर आपले कोणते वाक्य बदलावयाचे आणि कोणते नाही, हे कळते.

एवढे सर्व पाहून झाल्यावर उजळणीच्या वहीत सहा वाक्ये उरतात. भारतीय संघराज्याच्या हद्दीत लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे २४ कोटी होती, ती १९५१ मध्ये सुमारे ३६ कोटी झाली. १९२१ पर्यंत ती दरसाल सरासरी पाव टक्का आणि त्यानंतर सुमारे सव्वा टक्का वाढली. १९११–२१ मधील किंचित घट ही स्थिरता नसून आधीची वाढ आणि १९१८ च्या साथीतील संहार यांची वजाबाकी आहे. १९२१ नंतर जन्मदर थोडा उतरूनही लोकसंख्या वाढली, कारण मृत्युदर त्याहून पुष्कळच उतरला. हे दर मात्र अनुमानित आहेत. १९४१–५१ मध्ये वाढीचा दर किंचित कमी झाला, तरी एकूण भर आधीपेक्षा अधिकच होती.

ही वाक्ये पुरेशी आहेत की नाहीत, हे पाहण्याचा मार्ग असा : पुस्तक मिटून केवळ त्यांच्या आधारे आलेखाची रेषा काढावी. १९२१ पूर्वी ती मंद चढलेली, १९१८ पाशी तुटून खाली आलेली आणि १९२१ नंतर सतत उंच होत गेलेली निघाली तर टिपण ठीक उतरले आहे. ही रेषा पुस्तकातील आलेखाशी तंतोतंत जुळणार नाही. १९१८ पाशी ती पुस्तकाहून वेगळी दिसेल, आणि तेथे विद्यार्थ्याची रेषा घडलेल्या इतिहासाच्या अधिक जवळ असेल.