कोपरापासून टेबलापर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा टीव्ही सेंटर परिसरात फिरताना टायपिंग क्लासच्या पाट्यांवर ‘मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ४०’ असे आकडे दिसतात. मराठवाड्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींना हे आकडे चांगले ठाऊक असतात. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठीचे तीस किंवा इंग्रजीचे चाळीस शब्द टाइप करता येतात, असे शासनमान्य प्रमाणपत्र लागते. क्लासमध्ये वेग, शुद्धता आणि बोटांची जागा या सगळ्यांकडे लक्ष दिले जाते. ज्या टेबलाशी बसून तो वेग मिळवायचा, त्याची उंची मात्र सहसा कोणी मोजत नाही. वाचकांनी या विषयाकडे वळावे ते या टेबलापासूनच, असे मला वाटते.

माणसाचे शरीर आणि त्याच्या कामाची साधने यांचा मेळ कसा घालायचा, हे शिकवणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘काम’ आणि ‘नियम’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून हे नाव पोलंडच्या वोयचेख यास्त्रझेंबोव्स्की यांनी १८५७ साली वापरले. आपल्याकडे या शास्त्राला भारतीय शरीराची मापे मिळवून देण्याचे मोठे काम देबकुमार चक्रवर्ती यांनी केले. त्यांनी संकलित केलेला भारतीयांच्या शरीरमापांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. असा ग्रंथ का हवा होता, हे बाजारातल्या संगणकाच्या टेबलाला टेप लावला की समजते. ते बहुधा ७५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. लिहिण्यासाठी ही उंची ठीक आहे, कारण लिहिताना आपण पुढे झुकतो आणि हाताचा भार कागदावर टाकतो. टाइप करताना दोन्ही हात अधांतरी चालायला हवे असतात.

जुन्या क्लासमधले टाइपरायटरचे टेबल आठवून पाहा. ते लिहिण्याच्या टेबलापेक्षा तीन-चार इंचांनी बुटके असे, साधारण २६-२७ इंचांचे. यंत्रच उंच असल्यामुळे कळा टेबलापासून बऱ्याच वर येत. त्यामुळे टेबल खाली घेण्याची रीत पडली. संगणक आले तेव्हा यंत्र गेले आणि बरोबर ते बुटके टेबलही भंगारात गेले. नवा कीबोर्ड जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, आणि तो आपण पूर्ण उंचीच्या टेबलावर ठेवला. माझ्या मते हा सौदा उलटा व्हायला हवा होता. पातळ कीबोर्डला ते बुटके टेबल टाइपरायटरपेक्षाही अधिक शोभले असते.

हे नुसत्या शब्दांवर सोडण्यापेक्षा एक उदाहरण मापांसह पाहू. पाच फूट उंचीच्या एका विद्यार्थिनीची आम्ही मापे घेतली. तळपायापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत ३९ सेंटिमीटर. बसल्यावर खांदे सैल सोडून कोपर काटकोनात ठेवले, तर बैठकीपासून कोपरापर्यंत २१. मांडीची जाडी १३. क्लासची लोखंडी खुर्ची ४५ सेंटिमीटरची. म्हणजे तिचे कोपर जमिनीपासून ६६ वर, आणि ७५च्या टेबलावर ठेवलेल्या कीबोर्डची मधली ओळ ७७ वर. अकरा सेंटिमीटरचा हा फरक शरीराला कुठून तरी भरून काढावाच लागतो. ती खांदे उचलून आणि कोपरे बाजूला फाकवून तो भरत होती. दमली की मनगटे टेबलाच्या सनमायकाच्या कडेवर टेकवून बोटे वर उचलत होती. खुर्ची तिला उंच होती, म्हणून पाय टाचांवर न टेकता चवड्यांवर होते. संध्याकाळी मानेच्या मुळाशी दुखते, अशी तिची तक्रार होती.

आम्ही क्लासच्या अडगळीतले टाइपरायटरचे जुने टेबल काढले. ते ६७ सेंटिमीटरचे होते, फळीची जाडी दोन सेंटिमीटर आणि खाली खण नव्हता. त्यावर कीबोर्डची मधली ओळ ६९ वर आली. खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवली. ती बसल्यावर दबून किती उरते हे मोजले, तेव्हा सहा सेंटिमीटर मिळाले. उशी किंवा सतरंजी नेहमी बसल्यानंतरच मोजा, कारण हातात जाड वाटणारी घडी वजनाखाली अर्धी होते. आता कोपर ७२ वर आले. बैठक ५१ झाल्यामुळे पाय लोंबकळू लागले, म्हणून तळपायांखाली बारा सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट ठेवला. मांड्यांचा वरचा भाग ६४ वर, टेबलाच्या फळीची खालची बाजू ६५ वर. जेमतेम एक सेंटिमीटर जागा उरली, पण पाय अडकले नाहीत. हीच सोय कीबोर्डच्या सरकत्या ट्रेमुळेही होते. मात्र ट्रेची फळी आणि मांडी यांच्यात जागा आहे का, हे आधी पाहावे.

आता कीबोर्ड कोपराच्या तीन सेंटिमीटर खाली गेला होता. वाचकांनी इथे थोडे थांबावे, कारण या विषयातली सर्वांत हुकणारी गोष्ट इथेच आहे. कीबोर्ड कोपराखाली गेला की पुढचा हात कोपराकडून बोटांकडे किंचित उतरता येतो. कोपराचा कोन ९० अंशांहून थोडा मोठा, १०० अंशांच्या जवळ जातो, आणि ते चांगलेच असते. कोपर फार दुमडले की करंगळीकडे जाणारी नस ताणली जाते. पण कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन लहान पाय असतात आणि बहुतेक जण ते उघडून ठेवतात. मग हात उतरता आणि कीबोर्ड चढता असे होते. हा विरोध मनगट मिटवते, म्हणजे हाताचा पंजा वर वाकतो. मनगटातून जिथे मधली नस आणि बोटांचे स्नायुबंध जातात, तिथली जागा अरुंद असते, आणि मनगट असे वर वाकले की तिच्यातला दाब वाढतो.

यावरचा उपाय म्हणजे उलटा उतार. कीबोर्डची आपल्याकडची कड उंच आणि पलीकडची खाली, असा तो ठेवायचा, म्हणजे त्याचा उतार पुढच्या हाताच्या उताराशी जुळतो. कॉर्नेल विद्यापीठातील अ‍ॅलन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशा उलट्या उताराच्या ट्रेचा अभ्यास केला, आणि त्यावर टाइप करताना मनगट सरळ राहण्याचे प्रमाण वाढते असे दाखवले. आमच्या विद्यार्थिनीसाठी ट्रे नव्हता. मागचे पाय मिटले आणि जवळच्या कडेखाली दोन सेंटिमीटरची लाकडी पट्टी ठेवली. चौदा सेंटिमीटर रुंदीच्या कीबोर्डला त्यामुळे आठेक अंशांचा उतार मिळाला. त्यातून कीबोर्डचा स्वतःचा थोडा चढ वजा झाला. मधली ओळ साधारण एका सेंटिमीटरने वर आली, ७० वर, तरीही कोपराखाली दोन सेंटिमीटर राहिली.

पण ही युक्ती उंच टेबलावर वापरू नका. कीबोर्ड कोपराच्या वर असेल तर पुढचा हात चढता असतो, आणि तिथे उलटा उतार दिला की मनगट खाली दुमडते. म्हणून क्रम पाळावा. आधी उंची, मग कोपर, मग उतार. आणखी एक मर्यादा अशी की उलट्या उतारावर मागच्या ओळीतल्या कळांवरची अक्षरे नीट दिसत नाहीत. कळा शोधून टाइप करणाऱ्याला ते जमणार नाही. न बघता टाइप करायला क्लासमध्ये शिकलेल्याला मात्र काहीच अडचण येत नाही, आणि टंकलेखनाच्या जुन्या शिस्तीचा मला त्यासाठी मनापासून अभिमान वाटतो.

मनगटाच्या टेकूकडे मी शेवटी वळतो, कारण बहुतेक जण त्यापासून सुरुवात करतात. दुकानात मिळणारी मऊ जेलची पट्टी विकत घेणे सोपे असते, पण टाइप करताना मनगट तिच्यात रुतवून ठेवले तर नस जाते तिथेच दाब येतो. शिवाय टेकलेले मनगट जागचे हलत नाही, म्हणून दूरची कळ गाठायला बोट आणि पंजा वाकडा होतो. टाइपरायटरवर तळवा टेकायला जागाच नव्हती आणि क्लासचे सर मनगट खाली पडले की दरडावत. ते बरोबरच होते. त्या यंत्रात ओळ संपली की कॅरेज सरकवावे लागे आणि पान संपले की कागद बदलावा लागे, त्यामुळे हाताला आपोआप विसावा मिळे. संगणकात तो नाही. टेकू त्या विसाव्यासाठी ठेवावा. परिच्छेद संपला की हात त्यावर ठेवा, मनगट न टेकवता अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतचा तळव्याचा मांसल भाग टेकवा, आणि टाइप करायला लागताच उचला. टेकूची उंची कीबोर्डच्या जवळच्या कडेएवढी असावी. उलटा उतार दिला की ती कड वर येते, म्हणून पट्टीही तेवढीच उंच हवी. घडी केलेला पंचा त्यासाठी पुरतो.

तुमची मांडणी जमली की नाही हे पाहण्यासाठी तीस सेंटिमीटरची पट्टी पुरेशी आहे. टाइप करता करता थांबा आणि कोणाला तरी ती तुमच्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळापासून पुढच्या हातापर्यंत ठेवायला सांगा. मनगटावर पट्टीखाली मोठी फट दिसली तर पंजा वर वाकलेला आहे, पट्टी मनगटावरच टेकून दोन्ही टोके उचलली गेली तर खाली. बाजूने काढलेला मोबाइलवरचा फोटो खांदे दाखवतो. आणि शरीर स्वतःही सांगते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असतील तर मनगटाकडे पाहा. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असतील तर कोपर कडेवर टेकते का, फार दुमडले आहे का, ते पाहा. बधिरपणा रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा हातातून वस्तू पडू लागल्या असतील तर टेबल नीट करत न बसता डॉक्टरांना भेटा. मधुमेह, थायरॉइड किंवा गर्भारपणामुळेही मनगटातली मधली नस दबू शकते, आणि निव्वळ टायपिंगमुळे हा विकार होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही.

परीक्षेच्या केंद्रावर टेबल तुमच्या हातात नसते, म्हणून तिथली तयारी वेगळी. कीबोर्डचे मागचे पाय मिटा आणि तो आडवा सपाट ठेवा. टेबल उंच असेल तर उतार देऊ नका. पर्यवेक्षकांची परवानगी असेल तर घडी केलेली चादर खुर्चीवर घ्या आणि पायाखाली दप्तर सरकवा. कीबोर्ड स्वतःच्या बाजूला टेबलाच्या कडेपर्यंत ओढून घ्या, म्हणजे मनगटाला त्या कडेवर विसावण्याची जागाच उरत नाही. उतारा सुरू होण्याआधी एकदा खांदे कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या. ते जिथे येऊन थांबतील, तिथून हात कळांवर ठेवा.