'देश' या रकान्याची कुळकथा

एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालात तिच्या उपकंपन्या शोधायच्या असतील तर मी PDF उघडून आधी `AOC-1` असं टाइप करतो. काही क्षणांत तक्ता समोर येतो. उपकंपनीचं नाव, हिशेबाचं चलन, विनिमय दर, भांडवल, उलाढाल, नफा आणि शेवटी मालकीची टक्केवारी, सगळं त्यात असतं. देश मात्र नसतो. सरकारी नमुन्यात तो रकानाच नाही. काही कंपन्या तो आपणहून घालतात, बाकीच्यांच्या बाबतीत चलनावरून अंदाज बांधायचा मोह होतो. तो मोह टाळावा, कारण युरो अनेक देशांत चालतो आणि मॉरिशस किंवा सिंगापूरमधल्या कंपन्या कितीदा तरी डॉलरमध्ये हिशेब ठेवतात.

रकाना का नाही, याचं उत्तर जुन्या कायद्यात सापडतं. १९५६च्या कंपनी कायद्याचं कलम २१२ यादी मागतच नव्हतं. प्रत्येक उपकंपनीचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांचा आणि लेखापरीक्षकांचा अहवाल हे सगळं मूळ कंपनीच्या ताळेबंदाला जोडायचं, असा नियम होता. उपकंपन्या वाढल्या तसे अहवाल जाडजूड झाले आणि कंपन्या केंद्र सरकारकडे सवलत मागू लागल्या. फेब्रुवारी २०११मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने सरसकट सवलत दिली. त्यातली एक अट अशी की प्रत्येक उपकंपनीच्या हिशेबाचा गोषवारा द्यायचा. २०१३च्या कायद्याखाली आलेला AOC-1 जवळपास त्याच गोषवाऱ्याचा वारस आहे. त्याचा जन्म हिशेब आटोपशीर करण्यासाठी झाला, कंपनी कुठे आहे हे सांगण्यासाठी नव्हे.

देश अहवालात आला तो दुसऱ्या दाराने. २००१मध्ये एकत्रित हिशेबांसाठी AS 21 हे लेखामानक लागू झालं. त्याने सर्व उपकंपन्यांची यादी मागितली: नाव, नोंदणीचा किंवा वास्तव्याचा देश आणि मालकीचं प्रमाण. म्हणून ही यादी टिपांमध्ये असते, आणि तीही बहुधा अगदी सुरुवातीला, एकत्रीकरणाचा आधार सांगणाऱ्या टिपेत. २०१६-१७पासून मोठ्या कंपन्यांना Ind AS लागू झाली आणि शब्द बदलला. आता Ind AS 27 स्वतंत्र हिशेबांत महत्त्वाच्या उपकंपन्यांसाठी आधी 'व्यवसायाचं मुख्य ठिकाण' विचारतं. नोंदणीचा देश त्याहून वेगळा असेल तरच तो सांगायचा. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण नोंदणी एकीकडे आणि कामकाज दुसरीकडे असू शकतं, हे त्यात मान्य केलेलं आहे.

हा फरक टाटा मोटर्सच्या विभाजनापूर्वीच्या अहवालांत नीट दिसतो. जॅग्वार लँड रोव्हर २००८मध्ये घेतली गेली. यादीत तिच्या वर TML Holdings Pte. Ltd. दिसते, देश सिंगापूर. तिच्याखाली Jaguar Land Rover Automotive plc, देश ब्रिटन. आणखी खाली Jaguar Land Rover Slovakia s.r.o. ही कंपनी. गाड्या ब्रिटनमध्ये बनतात, स्लोव्हाकियात नित्राला कारखाना आहे. सिंगापूरची कंपनी मात्र शेअर धरून ठेवणारी आहे. 'सिंगापूर' वाचून तिथे गाड्या बनतात असं कुणी लिहिलं तर चूक यादीची नाही, वाचणाऱ्याची आहे.

यादी अपुरी राहण्याची गोष्ट ब्रिटनमध्ये अधिक ठळकपणे घडली. तिथल्या १९६७च्या कायद्याने उपकंपनीचं नाव आणि नोंदणीचा देश मागितला, पण यादी फार लांबत असेल तर हिशेबात फक्त प्रमुख नावं देण्याची मुभाही दिली. पूर्ण यादी कंपनी निबंधकाकडे वार्षिक विवरणासोबत जायची. २०११मध्ये 'ॲक्शनएड' या संस्थेने लंडनच्या शेअर बाजारातल्या १०० बड्या कंपन्यांच्या याद्या तपासल्या, तेव्हा अनेकींनी पूर्ण यादी निबंधकाकडे दिलेलीच नव्हती. तक्रार झाल्यावर याद्या आल्या, आणि ३४ हजारांहून अधिक उपकंपन्या व संलग्न कंपन्यांची नावं बाहेर पडली. २०१५च्या नियमांनी ती मुभाच काढून टाकली. आता पूर्ण यादी हिशेबाच्या टिपांतच द्यावी लागते, नोंदणीकृत पत्त्यासह.

आपल्याकडे Ind AS लागू असलेल्या कंपन्यांवर प्रत्येक उपकंपनीचा देश देण्याची अशी सक्ती नाही, म्हणून तीन जागा एकमेकींना लावून पाहाव्या लागतात. नावं AOC-1 मधून घ्यायची. तिथेच तळटीपेत वर्षभरात विकलेल्या आणि अजून कामच सुरू न केलेल्या उपकंपन्या असतात, त्या आधी बाजूला काढायच्या. मग देश टिपेतून घ्यायचा. आणि धंदा खरोखर कुठे चालतो हे पाहायला विभागवार माहितीच्या टिपेत जायचं. तिथे महसूल आणि कारखान्यांसारखी दीर्घकालीन मालमत्ता भूभागांनुसार दिलेली असते. पण ते आकडे संपूर्ण समूहाचे असतात, एकेका उपकंपनीचे नव्हेत, हे विसरू नये.

आणि यादी उघडलीत की आधी रकान्याचं डोकं वाचा. तिथे `Country of Incorporation` लिहिलेलं असेल, तर तो फक्त नोंदणीचा देश आहे.