इश्क गणपतीसमोर चालतो का?

परवा आमच्या बोळिंजच्या सोसायटीत गणपतीचा सांस्कृतिक कार्यक्रम होता. सेकंड इयरला असलेला एक मुलगा पेटी घेऊन बसला आणि त्यानं सिराज औरंगाबादीची गझल सुरू केली. तीच ती, आबिदा परवीनच्या आवाजात बहुतेकांच्या मोबाइलवर असते ती. पहिल्याच ओळीत 'इश्क' आला आणि पुढच्या रांगेतून एक काका उठले. "गणपतीसमोर इश्क-बिश्क नको रे बाबा. प्रेम म्हण, नाहीतर प्यार म्हण. आशय तोच ना?"

पोरगं गोंधळलं. त्यानं खरंच मनातल्या मनात प्यार घालून बघितलं असावं, कारण दोन सेकंद थांबला आणि मग गझल सोडून सरळ अभंगाला हात घातला. टाळ्या पडल्या, आरती झाली, प्रसाद झाला. कुणाचं भांडण झालं नाही.

पण मला रात्री झोप लागेना. उर्दू लिपी मी पन्नाशीनंतर शिकलो, ती केवळ या कवींसाठी. म्हणून काकांच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला भाग आहे. आशय तोच असतो का?

आधी छंदाचा मुद्दा काढून टाकू. कवी वजन बघून शब्द घालतात असं अनेकांना वाटतं, आणि काही वेळा ते खरंही असतं. 'मोहब्बत' हा लघु-गुरु-गुरु असा लांब शब्द आहे, तो इश्कच्या जागी बसत नाही. पण 'इश्क' आणि 'प्यार' यांचं वजन उर्दू छंदात अगदी सारखं, गुरु-लघु. प्यारमधला 'य' मोजतच नाहीत. म्हणजे कवीला वाटलं तर तो एकाच्या जागी दुसरा सहज घालू शकतो. तरीही घालत नाही, तेव्हा कारण अर्थात शोधावं लागतं.

अर्थ शोधायची माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येक शब्दाच्या दोन टोकांना कोण उभं आहे ते बघायचं.

इश्क करणारा तो आशिक, आणि ज्याच्यावर करतो तो माशूक. एकाच अरबी धातूचे हे दोन शब्द, एक कर्तरी, एक कर्मणी. सगळं करणं, सगळं सोसणं आशिकच्या वाट्याला. माशूकनं काहीच करायचं नाही, वळून बघितलंच पाहिजे असंही नाही. जुने लोक या शब्दाचा संबंध एका वेलीशी लावायचे. ती झाडाला वेढते आणि झाड वाळवते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, कवींनी ती खरी मानूनच लिहिलं.

मोहब्बतचा धातू वेगळा. त्यातूनच हबीब आला, महबूब आला. ही नावं आपल्या वसई-विरारमध्येही घराघरांत आहेत. हबीब म्हणजे लाडका, जिवलग, मित्रसुद्धा. म्हणून मोहब्बत दोस्ताशी होते, देशाशी होते, शेजाऱ्याशी होते. 'मोहब्बतीनं बोलला' म्हणतात, 'इश्कानं बोलला' कुणी म्हणत नाही. मोहब्बतीत दुसऱ्या टोकाकडून उत्तर येण्याला जागा असते.

आणि प्यार? तो संस्कृत 'प्रिय'च्या घरातला, प्राकृतातून आलेला. त्याच्याकडे 'प्यारा' आहे, म्हणजे ज्याच्यावर जीव आहे तो. पण प्यार करणाऱ्यासाठी त्याच घरातला नेहमीचा शब्द नाही. हिंदीला तिथे 'प्रेमी' आणावा लागतो, नाहीतर 'आशिक'. मला वाटतं, त्याचं कारण प्यार कुणीही करतो. आई बाळाला करते, आजोबा नातवाला करतात, पोरं मांजराला करतात. तो रोजच्या वापरातला शब्द आहे, गोड आहे, आणि मोठ्याकडून लहानाकडे सहज वाहतो. आईनं बाळाला 'प्यार किया' म्हटलं तर त्यात कुरवाळणंही येतं. आईनं बाळाशी इश्क केला असं हिंदीत सहसा कुणी म्हणणार नाही.

आणखी एक फरक निव्वळ व्याकरणाचा आहे. फारसी-अरबी शब्द मधल्या 'ए'नं जोडता येतात. गम-ए-इश्क होतं, राह-ए-इश्क होतं. देशी शब्दाला हा जोड लागत नाही, म्हणून गम-ए-प्यार होत नाही. सिराजच्या त्या ओळीत इश्क नेमका असाच जोडलेला आहे. पोरानं प्यार घालून बघितला आणि अडखळला, कारण वजन जुळत होतं आणि भाषा तुटत होती.

आता सिराजकडे येऊ, कारण तो आपला आहे. अठराव्या शतकातला औरंगाबादचा माणूस. त्याच्याबद्दलची नोंद अशी की वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला वेड म्हणावं अशी अवस्था आली. घर सोडून तो खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती भटकायचा, तोंडातून फारसी ओळी पडायच्या. बापानं काळजीनं काही काळ त्याला साखळीनं बांधून ठेवलं. पुढे तो सावरला, चिश्ती परंपरेतल्या गुरूचा शिष्य झाला, भरपूर लिहिलं, आणि गुरूनं सांगितलं तेव्हा कविता लिहिणं सोडूनही दिलं. इश्क हा शब्द अशा माणसानं लिहिला आहे.

त्या गझलेत तो सांगतो काय? माझ्या शब्दांत एवढंच, की इश्कानं थक्क होण्याची गोष्ट अशी की शेवटी वेडही उरलं नाही आणि जिच्यामुळे वेड लागलं ती परीही उरली नाही. तू नाहीस, मी नाही, उरलं ते बेभान असणं. सध्या फॉरवर्ड होणारी 'प्रेमाच्या सात पायऱ्या' ही यादी आठवा. दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि मौत. 'डेढ इश्किया' या 2014 च्या सिनेमानं ती आणखी गाजवली. यादी छान आहे, पण ती कवींचा नियम आहे असं समजू नका. निशापूरचा सआलिबी नावाचा भाषापंडित 1038 साली वारला. त्यानंही अरबीतल्या प्रेमाच्या शब्दांची उतरंड लावून ठेवली आहे. तिच्यात इश्क शेवटी नाही, बराच आधी येतो आणि त्याच्यावर कितीतरी शब्द आहेत. सिराजकडे तर जुनून ही पायरीच विरघळते. म्हणजे शब्दांचा क्रम ठरलेला नाही. ठरलेलं आहे ते दोन टोकांचं नातं. इश्कात शेवटी टोकंच पुसली जातात. म्हणून तिथे प्यार चालत नाही, कारण प्यारला लाड करायला समोर कुणीतरी लागतं.

आता काकांची बाजू. ती मला वाटली त्यापेक्षा जुनी आणि भक्कम निघाली.

कुराणात 'हुब्ब' आणि त्याच्या घरातले शब्द आहेत, इश्क हा शब्द नाही. अकराव्या शतकात लाहोरला राहिलेल्या हुजवेरींनी 'कश्फुल महजूब' या ग्रंथात या वादाची नोंद केली आहे. देवाबद्दल मोहब्बत म्हणावं याला फारशी हरकत नव्हती. पण इश्क म्हणावं का, यावर सूफींमध्येच मतभेद होते. काहींचं म्हणणं, इश्क म्हणजे मर्यादा ओलांडणं, आणि ज्याला मर्यादाच नाही त्याच्या बाबतीत ओलांडणार काय? म्हणजे 'देवासमोर इश्क नको' हे आमचे काका बोळिंजमध्ये म्हणाले, ते जवळजवळ हजार वर्षांपूर्वी मोठमोठे सूफी म्हणत होते. काकांना हे सांगितलं तर आवडेल की नाही, कोण जाणे.

पण काकांच्या डोक्यातला इश्क तो नाही, हेही खरं. त्यांचा 'इष्क' आहे, ष वाला, लावणीतला. दख्खनमध्ये एकच शब्द दोन वाटांनी गेला. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीनं 1635 मध्ये 'सबरस' लिहिलं, त्यात इश्क हा पूर्वेचा राजा आहे आणि त्याच्यासमोर अक्ल, म्हणजे बुद्धी, हा पश्चिमेचा राजा. औरंगाबादच्या वली आणि सिराजपर्यंत तो राजाच राहिला. मराठीत मात्र तो होनाजी, सगनभाऊंच्या काळात ढोलकीबरोबर फडावर रुळला. तिथे त्याचा अर्थ झाला शृंगार, नेत्रपल्लवी, छेडछाड. 'इष्कबाज' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेटेवाला पाटील येतो, साखळीनं बांधलेला सिराज येत नाही. लावणी कमी दर्जाची असं मी म्हणत नाही. शब्द आपल्याकडे ज्या दारानं आला, त्या दाराचा वास त्याला लागला, एवढंच.

याची किंमत मात्र मोजावी लागते. वलीची कबर अहमदाबादला होती. 2002 च्या दंगलीत ती पाडली गेली आणि तिच्या जागेवरून डांबरी रस्ता झाला. परका म्हणून जो पुसला गेला, तो दख्खनी बोलीत लिहिणारा, आपल्या शेजारच्या भाषेचा कवी होता. आमच्या सोसायटीतली गोष्ट त्यापुढे काहीच नाही, मला ठाऊक आहे. पण शब्द परका वाटायला लागतो तो अशाच छोट्या कार्यक्रमांत.

काल संध्याकाळी काका गेटपाशी भेटले. वारकरी घरातले आहेत, म्हणून मी आडून विचारलं, "काका, ज्ञानोबांच्या विराण्या तुम्ही म्हणता ना?" म्हणाले, "म्हणतो की." "त्यात जी तळमळते, तिला उत्तर मिळतं का?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उत्तरासाठी ती तळमळतेच कुठं? नंतर तर तीच उरत नाही."

मी म्हटलं, "काका, त्या पोराचा इश्क हाच होता."

"मग तसं सांगायचं ना आधी," ते म्हणाले, आणि भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे गेले.

अनंत चतुर्दशीला अजून चार दिवस आहेत. पोराला मी सांगून ठेवलंय, पेटी घरी नेऊ नकोस.