थांबू शकणारे बीज आणि थांबू न शकणारे बीज

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील आठ स्त्रियांच्या गर्भाशयात एकाच दात्याचे गोठवलेले वीर्य सोडण्यात आले. दाता वरकरणी निरोगी होता. पुढे एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाली, तेव्हा त्यांपैकी चौघींना लागण झाल्याचे आढळले. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये शुक्राणू टिकतात, तसा विषाणूही टिकतो. गोठवण्याने वीर्य शुद्ध होत नाही. हाती लागतो तो केवळ वेळ.

त्या वेळेचा उपयोग नंतर नियमाने केला. संसर्गानंतर पहिले काही आठवडे रक्तात प्रतिपिंडे दिसत नाहीत, म्हणून दानाच्या दिवशीचा निर्दोष अहवाल पुरेसा ठरत नाही. वीर्य सहा महिने बाजूला ठेवायचे, दात्याला पुन्हा बोलवायचे, रक्त पुन्हा तपासायचे आणि मगच नमुना वापरायचा, ही पद्धत अमेरिकेत १९८८ पासून रूढ झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती आली. तिच्या मुळाशी १९४९ चा एक ब्रिटिश शोध आहे. ग्लिसरॉल मिसळले असता पेशीत बर्फाचे घातक स्फटिक कमी होतात, असे त्यातून दिसले. गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून पहिली गर्भधारणा १९५३ मध्ये झाली.

स्त्रीबीजाला मात्र ही सवलत दीर्घकाळ मिळाली नाही. त्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. शुक्राणूच्या तुलनेत ती पाण्याने भरलेली प्रचंड पेशी होय. सावकाश गोठवताना सगळे पाणी बाहेर पडत नाही, आणि उरलेल्या पाण्याचा बर्फ गुणसूत्रे ओढून धरणाऱ्या नाजूक तंतूंची मोडतोड करतो. त्यामुळे स्त्रीबीजदान म्हणजे दोन स्त्रियांच्या शरीरांची वेळ जुळवणे, असेच समीकरण होते. दात्रीला दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यायची, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने बीजे काढायची. आणि त्याच सुमारास दुसरीच्या गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन देऊन तयार ठेवायचे. बीजकोश निकामी झालेली स्त्रीही अशा रीतीने गर्भ धारण करू शकते, हे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गटाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात या पद्धतीने पहिले बाळ १९९१ मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मले.

पेशी इतक्या वेगाने थंड करायची की पाण्याला स्फटिक बनण्यास सवडच मिळू नये व ते काचेसारखे घट्ट व्हावे, ही काचीकरणाची रीत गेल्या वीस वर्षांत स्थिरावली. बीज थांबू लागले, पण दात्रीच्या देहावरचा भार तेवढाच राहिला. बीजकोश अतिउत्तेजित झाल्यास पोटात पाणी साठते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणूनच भारताच्या २०२१ च्या कायद्याने २३ ते ३५ वर्षे वयाच्या स्त्रीलाच, आयुष्यात एकदाच, सातपर्यंतच बीजे देण्याची मुभा ठेवली. एका दात्याची बीजे एकाच जोडप्याला द्यावयाची आहेत. हिशेब करून पाहावा: सातांपैकी साधारण साडेपाच परिपक्व, त्यांतून चार फलित, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकणारे भ्रूण जेमतेम दोन. दात्रीचे रक्षण योग्यच. पण जोडप्याच्या वाट्याला येणारी संधी किती अरुंद आहे, हे त्यांना आधी सांगितले गेले पाहिजे.

ते सांगणे समुपदेशनाचे काम. व्यवहारात मात्र समुपदेशन पुष्कळदा संमतिपत्रावरील सहीपुरते उरते. दाता अनामिक राहतो, अपत्यावर त्याचा हक्क राहत नाही, एवढे जोडप्याला समजते; आणि मग ही गोष्ट कोणालाच सांगायची नाही, असा निश्चय होतो. हे गुपित नातेवाइकांपासून ठेवणे हा त्यांचा अधिकार आहे. प्रसूतितज्ज्ञापासून ठेवणे मात्र महागात पडते.

समजा, गर्भवती ४३ वर्षांची आहे आणि दात्री २६ वर्षांची. डाउन सिंड्रोमचा धोका बीजाच्या वयावर ठरतो. चाचणीच्या अर्जावर गर्भवतीचे वय लिहिले, तर मुळात पन्नासांत एक असा धोका गृहीत धरला जातो. खरा धोका हजारात एकाहूनही कमी असतो. त्या चुकीच्या आकड्यापायी गर्भजल काढण्याची सुई नाहक टोचली जाऊ शकते. याउलट रक्तदाबाच्या बाबतीत धोका खरोखरच वाढलेला असतो. पराया बीजाचा गर्भ आईच्या प्रतिकारशक्तीला अधिक परका असतो आणि अशा गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सिया अधिक आढळतो. तो टाळण्यासाठी कमी मात्रेतील ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करावे लागते. गुपित तोपर्यंत डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नसेल, तर ती वेळ निघून जाते.