‘बहुतेक डॉक्टरांची पसंती’ म्हणजे नक्की किती? जाहिरातीतले मोघम दावे असे तपासा

रील्स बघताना मध्येच जाहिरात येते: ‘बहुतेक डॉक्टर हेच सुचवतात!’ किती डॉक्टर, कोणते, कधी विचारलं, काहीच कळत नाही. मीही आधी असे दावे खरे मानायचो. बरं, आकडा दिला म्हणजे तरी दावा पक्का होतो का? नाही. त्यासाठी ब्रिटनमधलं एक प्रकरण बघूया.

तिथे कोलगेटच्या पोस्टरवर दावा होता की ८०% पेक्षा जास्त डेंटिस्ट कोलगेट सुचवतात. वाचणारा काय समजेल? १०० पैकी ८० जणांनी कोलगेट निवडलं आणि उरलेल्या २० जणांनी बाकीचे ब्रँड. पण जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या एएसए या संस्थेने तपासलं, तेव्हा कळलं की फोनवरच्या त्या सर्व्हेत डेंटिस्टना एकापेक्षा जास्त ब्रँड सांगायची मुभा होती. दुसऱ्या एका ब्रँडचं नाव जवळपास तितक्याच जणांनी घेतलं होतं! २००७ मध्ये एएसएने हा दावा दिशाभूल करणारा ठरवला.

गंमत म्हणजे इथे आकडा खोटा नव्हता. समजा, मी वर्गातल्या ५० जणांना विचारलं, ‘तुम्ही कोणकोणती ॲप्स वापरता?’ ४५ जण एका ॲपचं नाव घेतील, त्यातलेच ४३ दुसऱ्याचंही घेतील. मग दोन्ही कंपन्या ‘८५% पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची पसंती’ असं छापू शकतात. ‘सगळ्यात जास्त कोणतं एकच ॲप वापरता?’ असं विचारलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

म्हणून नेमक्या दाव्यात मला निदान एवढं दिसायला हवं: कोणाला आणि किती जणांना विचारलं, प्रश्न काय होता, एकच उत्तर द्यायचं होतं की अनेक, तुलना कशाशी केली, सर्व्हे कधी झाला आणि त्याचा खर्च कोणी केला. यातला प्रश्नच लपवला असेल, तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

‘पर्यंत’ हा शब्दही असाच निसटता. ‘९०% पर्यंत केसगळती कमी’ या वाक्यात १०% सुद्धा बसतात. शिवाय ९०% कमी म्हणजे कशाच्या तुलनेत? काहीच न लावण्याच्या, की साध्या शाम्पूच्या?

ही माहिती बऱ्याचदा * खुणेपाशी बारीक अक्षरांत असते आणि व्हिडिओत क्षणभरच दिसते. तेव्हा व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा आणि झूम करा. भारतात २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत ही तळटीप हवी. म्हणजे दावा मराठीत आणि खालच्या अटी इंग्रजीत, हे चालत नाही. असं दिसलं तर तोच स्क्रीनशॉट जोडून एएससीआयच्या वेबसाइटवर तक्रार करता येते.