उशीर कोणाचा? ४०८ आणि ५०४

आज दोन आकड्यांचा इतिहास पाहायचा आहे. १९९२ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेबसाठी उत्तरांच्या क्रमांकांची यादी केली. तिच्यात पुढे ‘गेटवे टाइमआउट’ आलं, पण त्याचा क्रमांक होता ५०३. शेजारचा खुलासा मला फार आवडतो. तो साधारण असा : मागची सेवा वापरणाऱ्याला दिसतच नाही, तेव्हा हा प्रकार ५०० सारखाच मानला तरी चालेल, फक्त दोष शोधायला हा क्रमांक जास्त उपयोगी. म्हणजे हा आकडा जन्मला तोच निदानासाठी!

मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये ५०३ हा क्रमांक ‘सेवा उपलब्ध नाही’ला गेला आणि गेटवेची वाट पाहणं यादीतून गळलं. जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०६८ मध्ये ते ५०४ होऊन परतलं, आणि सोबत ४०८ आला. ४०८ म्हणजे सर्व्हर ग्राहकाला सांगतो, ‘तुझी विनंतीच पुरी आली नाही.’ ५०४ म्हणजे मधला म्हणतो, ‘विनंती मी पुढे दिली, मागून उत्तर आलं नाही.’

आता हे ओळखायचं कसं? एनजिनएक्स हा मध्यस्थ घ्या. एका अर्जाच्या त्याच्या नोंदवहीतल्या दोन ओळी अशा असू शकतात :

```
POST /form 408 rt=75.214 urt=-
POST /form 504 rt=63.020 urt=60.001
```

`rt` हा एकूण वेळ, `urt` हा मागच्या सर्व्हरवर गेलेला. पहिल्या ओळीत `urt` च्या जागी नुसती रेघ आहे, कारण एरवी एनजिनएक्स पूर्ण अर्ज हाती आल्याशिवाय मागे पाठवतच नाही. मागचा सर्व्हर निर्दोष. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग मर्यादा ६० सेकंदांची असताना ७५ कसे? तर ती मर्यादा दोन तुकड्यांमधल्या शांततेची असते. इथे १५ सेकंद अर्ज येत होता, मग साठ सेकंद काहीच नाही. (खोळंबा अर्जदाराचा की त्याच्या मोबाइल नेटवर्कचा, हे ही ओळ सांगू शकत नाही. ‘ग्राहक’ या शब्दात दोन्ही येतात.)

दुसऱ्या ओळीत अर्ज तीन सेकंदांत पोचला. पुढचे साठ मागची वाट पाहण्यात गेले. पण लक्षात घ्या, ही साक्ष मधल्याची आहे. उत्तर माझ्यापर्यंत आलं नाही, एवढंच तो सांगतो. मागच्या सर्व्हरनं एकसष्टाव्या सेकंदाला काम पुरंही केलं असेल, अर्जाची फी कापलीही गेली असेल. म्हणून ५०४ दिसल्यावर लगेच पुन्हा बटण दाबू नये. आधी मागच्या सर्व्हरच्या नोंदीत तोच अर्ज शोधावा.